बाराचे अवयव

सहावीच्या पहिल्या चाचणीचे पेपर तपासताना एका मुलीच्या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले होते. प्रश्न साधा होता, '१२ चे सर्व अवयव लिहा.' उत्तरात तिने चार जोड्या लिहिल्या होत्या: १० आणि २, ८ आणि ४, ७ आणि ५, ६ आणि ६. अक्षर वळणदार होते, प्रत्येक जोडीखाली पट्टीने रेघ मारलेली होती, कुठेही खाडाखोड नव्हती. ज्याला उत्तर येत नाही आणि जो काहीतरी लिहून वेळ मारून नेतो, अशा मुलाचे ते पान नव्हते. चारही जोड्यांची बेरीज बरोबर बारा येत होती. तिला काहीतरी पक्के ठाऊक होते आणि तेच तिने नीटपणे मांडले होते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला बोलावले आणि उत्तराविषयी काही न बोलता अवयव म्हणजे काय एवढेच विचारले. ती म्हणाली, "बाई, हात, पाय, डोके हे शरीराचे अवयव. सगळे अवयव मिळून शरीर होते." मग मी तिला बारा चिंचोके दिले आणि सांगितले, की हे चिंचोके सारख्या लांबीच्या ओळींमध्ये मांड, एकही उरता कामा नये, आणि अशी मांडणी किती प्रकारे होते ते मला सांग. तिने पाच मिनिटांत बाराची एक ओळ, सहाच्या दोन आणि चाराच्या तीन ओळी मांडल्या. पाचाच्या ओळी करून पाहिल्या, दोन चिंचोके उरले तेव्हा त्या स्वतःच मोडल्या. म्हणजे १, २, ३, ४, ६ आणि १२ या सहाही संख्या तिच्या हाताला सापडल्या होत्या. तिचे गणित चुकलेले नव्हते. 'अवयव' हा शब्द तिने जसा घरी आणि विज्ञानाच्या तासाला ऐकला होता तसाच घेतला होता, आणि त्या शब्दाने तिला बेरजेकडे नेले होते.

तेव्हापासून मी चुकीच्या उत्तराकडे पाहण्याची एक पद्धत स्वतःला लावून घेतली आहे. तोच प्रश्न तो शब्द वगळून, वस्तू हातात देऊन विचारायचा. मूल तिथेही अडले तर कल्पनाच पोचलेली नाही. मूल तिथे सहज पुढे गेले, तर अडचण शब्दाची आहे. दोन्ही चुका कागदावर अगदी सारख्या दिसतात, म्हणून नुसता पेपर तपासून त्यांतली कोणती आहे हे कळत नाही. उपाय मात्र दोन्हींचे वेगळे आहेत. पहिल्या मुलाला आणखी उदाहरणे हवीत, दुसऱ्याला तीच उदाहरणे कितीही दिली तरी ते तीच चूक अधिक वेगाने करत राहते.

अवयव या शब्दाची गणितातली ओढ कुठे आहे ते नीट पाहिले, तर त्यातून एक नव्हे तर दोन चुका निघतात. पहिली वर आली तीच, भाग म्हटले की ते जोडून पूर्ण वस्तू होते. दुसरी चूक अधिक हुशार मुलांच्या वह्यांत सापडते. ती मुले बाराचे अवयव २, ३, ४, ६ असे लिहितात आणि १ व १२ गाळतात. विचारले तर सांगतात, की बारा हा बाराचाच अवयव कसा असेल, हात शरीराचा अवयव असतो, शरीर शरीराचा अवयव नसते. त्यांचे म्हणणे मराठी म्हणून बिनतोड आहे. गणितात मात्र ज्या संख्येने भागले असता बाकी शून्य उरते ती प्रत्येक संख्या अवयव, आणि त्या कसोटीला १ आणि १२ दोन्ही उतरतात. हे आधीच मोकळेपणाने सांगितले नाही, तर पुढे सातला 'दोनच अवयव आहेत' असे म्हणताच वर्ग गोंधळतो, कारण त्या मुलांच्या हिशेबाने सातला एकही अवयव नसतो. संख्यांच्या बाबतीत 'विभाजक' हा शब्द पाठ्यपुस्तकात येतो तो मला म्हणूनच आवडतो. तो जड वाटतो, पण तो काय करतो ते सांगतो आणि दुसरे काही सुचवत नाही.

बीजगणितात मात्र आपण पुन्हा अवयवांकडेच येतो, आणि आठवीत 'अवयव पाडा' असे म्हणतो. पाडणे म्हणजे तुकडे करणे. x² + 5x + 6 दिले की मुले मधल्या पदाची फोड करतात आणि x² + 2x + 3x + 6 असे लिहून थांबतात. तीन पदांची झाली चार पदे, तुकडे पडले, काम झाले. खरे तर ही अर्धीच वाट असते. तिथून (x + 2)(x + 3) पर्यंत यायचे असते, कारण गुणून मूळ राशी देणारे कंस हेच तिचे अवयव असतात. दर वर्षी पाच-सात वह्या अशा अर्ध्या वाटेवर थांबलेल्या मिळतात. ही मुले आळशी नसतात. शब्दाने सांगितले तेवढे त्यांनी केलेले असते.

आता माझी तीच शाळा सेमी-इंग्रजी झाली आहे. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. त्यामुळे अवयवाच्या जागी फॅक्टर आला, गुणाकाराच्या जागी प्रॉडक्ट, मुळाच्या जागी रूट आणि पाढ्याच्या जागी टेबल. पालकांना वाटले, शब्द नवे म्हणजे कोरे, त्यांना आधीचे काही चिकटलेले नसेल. तसे झाले नाही. हे शब्द मुलांना शाळेच्या आधी दुकानात, टीव्हीवर आणि मोठ्यांच्या बोलण्यात भेटलेले असतात. 'पावसाचा फॅक्टर' ते ऐकतात, आईच्या बचत गटाचे 'प्रॉडक्ट' घरात पिशव्यांमध्ये भरलेले असते, आणि टेबल तर वर्गातच समोर असते.

फॅक्टर हा शब्द ज्या लॅटिन मुळातून आला त्याचा अर्थ 'करणारा' असा आहे. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीच्या वतीने माल घेणाऱ्या-विकणाऱ्या नोकरालाही फॅक्टर म्हणत आणि तो जिथे राहून व्यवहार करी ती जागा म्हणजे फॅक्टरी. आपण तिला वखार म्हणत होतो. राजापूरला इंग्रजांची जी वखार होती, तीही त्यांच्या कागदांत फॅक्टरीच. तिथे काही बनत नव्हते, फक्त करणारे राहत होते. गणितातला फॅक्टरही असाच करणारा आहे. तीन आणि चार हे करणारे, बारा हे त्यांनी केलेले. आणि केलेले, पुढे आणलेले, तेच प्रॉडक्ट. म्हणजे इंग्रजीत ही दोन नावे एकमेकांना धरून उभी आहेत, कर्ता आणि त्याचे काम अशी. मराठीने त्याच नात्याकडे उलट बाजूने पाहिले. तिच्या दृष्टीने बारा हे आधीच उभे असलेले शरीर आहे आणि तीन व चार हे त्याच्यात सापडणारे अवयव. एक भाषा बाराची घडण सांगते, दुसरी त्याची रचना. मला दोन्ही दृष्टी मोलाच्या वाटतात, आणि दोन्ही भाषांत शिकणाऱ्या मुलांना हे सांगितले की ती लगेच ऐकतात.

तरीही प्रॉडक्ट हा शब्द सेमीच्या वर्गात सर्वांत जास्त त्रास देतो असा माझा अनुभव आहे. '१५ आणि ४ यांचे प्रॉडक्ट काढा' या अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाला एका मुलाने १९ उत्तर दिले होते. त्याला कारण विचारले, तर तो म्हणाला, "पंधरा आणि चार मिळून एकोणीस तयार होतात." तयार झालेली वस्तू म्हणजे प्रॉडक्ट, हे त्याने अचूक पकडले होते. पण बेरजेतूनही काहीतरी तयार होतेच. फक्त गुणाकारातून तयार होणाऱ्यालाच प्रॉडक्ट म्हणायचे, हा करार त्या शब्दात कुठेही लिहिलेला नाही. त्यात पुन्हा मधे 'आणि' आहे, आणि 'आणि' म्हटले की लहान मुलाचा हात बेरजेच्या चिन्हाकडे जातो. मराठी शब्दाची इथे मोठी सोय होती. 'गुणाकार' म्हटल्यावर 'गुणणे' ही क्रिया कानावर येतेच, तिथे बेरजेला जागा राहत नाही.

अर्थात गुण या शब्दालाही त्याचे घरदार आहे. परीक्षेत गुण मिळतात, औषधाचा गुण येतो, माणसात चांगले गुण असतात. गणितातला गुण यांपैकी कोणताही नाही. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पदर, आणि द्विगुण, त्रिगुण म्हणजे दोन पदरांचे, तीन पदरांचे. आपण तिपेडी वेणी म्हणतो तेव्हा जे डोळ्यांसमोर येते, तेच त्रिगुणात आहे. मी पाचवीच्या मुलांना सुतळीचा वीत-वीतभर लांबीचा तुकडा देते आणि तो तिहेरी करायला सांगते. चार हातांची दोरी तिहेरी हवी असेल तर किती सुतळी लागेल, या प्रश्नाला मग पाढा न आठवणारे मूलही बारा हात असे सांगते, कारण तीन पदर त्याच्या बोटांत असतात.

गुणाकाराला एकेकाळी याहून पुष्कळ उग्र नावे होती. भास्कराचार्यांच्या बीजगणितात धन आणि ऋण संख्यांच्या गुणाकाराचा नियम 'स्वयोरस्वयोः स्वं वधः' असा सुरू होतो. दोन धनांचा किंवा दोन ऋणांचा वध धन असतो, असा त्याचा अर्थ, आणि वध म्हणजे गुणाकार. त्याच सूत्रात पुढे धन आणि ऋण यांच्या गुणाकारासाठी 'घात' हा शब्द येतो. हनन हेही गुणाकाराचेच एक नाव होते. मारणे, ठार करणे या अर्थाचे शब्द गुणाकाराला का लागले, याचे स्पष्टीकरण विभूतिभूषण दत्त आणि अवधेश नारायण सिंह या गणिताच्या इतिहासकारांनी दिले आहे, आणि पाटीवर करून पाहिल्यावर मला ते पूर्ण पटले.

आकडेमोड तेव्हा धूळ पसरलेल्या पाटीवर होत असे. जागा थोडी, पण पुसणे सोपे. २४ ला १३ ने गुणायचे असे धरू. पाटीवर २४ लिहायचे आणि त्याच्या वर, दोनाच्या डोक्यावर तेराचा तीन येईल असे १३ लिहायचे. डावीकडून सुरुवात करू. दोन त्रिक सहा आणि दोन एके दोन, म्हणजे २६. आता खालच्या ओळीतला २ पुसून टाकायचा, त्याच्या जागी ६ लिहायचा आणि त्याच्या डावीकडे २. पाटीवर आता २६४ दिसते, पण त्यातले २ आणि ६ उत्तराचे आहेत आणि ४ अजून गुणायचा आहे. मग वरचे १३ एक घर उजवीकडे सरकवायचे, म्हणजे तीन हा चारावर येईल. चार तेरे बावन्न. चार पुसायचा, त्याच्या जागी २ लिहायचा, आणि उरलेले ५ डावीकडच्या सहात मिळवायचे. सहा आणि पाच अकरा. सहा पुसून १ लिहायचा, हातचा एक दोनात मिळवून दोनाचे तीन करायचे. पाटीवर उरते ३१२. ज्या २४ पासून आपण निघालो तो कुठेच शिल्लक नाही. त्याचा एकेक अंक गुणला गेला तसा पुसला गेला, मारला गेला. या रीतीला कपाटसंधी म्हणत, कारण वरची ओळ दाराच्या फळीसारखी खालच्या ओळीवर सरकत जाते.

या रीतीची एक मर्यादाही पाटीवर लगेच कळते. गुण्य पुसले गेल्यामुळे मध्ये चूक झाली तर मागे जाऊन ती शोधता येत नाही, सगळे पुन्हा मांडावे लागते. कागदावर आपण जी रीत वापरतो तिच्यात प्रत्येक पायरी शिल्लक राहते, म्हणून वही तपासता येते. गुणाकाराला वध म्हणण्याचे कारणच कागदाबरोबर संपले. मराठीत मात्र घात मागे राहिला, आणि तोही अर्थ बदलून. आता घात म्हणजे कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार नाही, संख्येचा स्वतःशीच पुन्हा पुन्हा केलेला गुणाकार. तीनचा चौथा घात ८१. घातक, घातपात, विश्वासघात एवढेच ऐकलेल्या मुलाला या शब्दातून काहीच हाती लागत नाही, आणि मग ते तीन चोक बारा असे लिहून मोकळे होते. इथे शब्द चुकीच्या वाटेने नेत नाही, तो कुठेच नेत नाही. मला तो प्रकार अधिक दुःखाचा वाटतो.

मूळ या शब्दाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तो फार ठिकाणी नेतो. आमच्या पुस्तकांत तो तीन वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतो. मूळ संख्या म्हणजे २, ३, ५, ७ यांसारख्या संख्या, ज्यांना १ आणि ती संख्या एवढेच विभाजक असतात. वर्गमूळ म्हणजे ज्या संख्येचा वर्ग केला असता दिलेली संख्या मिळते ती. आणि दहावीत येतात वर्गसमीकरणाची मुळे. सहावीत मूळ संख्या लिहायला सांगितल्यावर १, ४, ९, १६, २५ असे लिहिणारे मूल मी पाहिले आहे; ज्यांचे मूळ निघते त्या मूळ संख्या, असा त्याचा तर्क होता. इंग्रजीत पहिल्या कल्पनेला प्राइम आणि दुसरीला रूट अशी वेगळी नावे असल्यामुळे ही गल्लत सेमीच्या मुलांची होत नाही, हे मान्य केले पाहिजे. हिंदीनेही मूळ संख्येला अभाज्य म्हणून ती टाळली आहे.

पण दुसरे आणि तिसरे मूळ इंग्रजीतही एकाच नावाचे आहे, आणि दहावीतल्या एका मुलाने मला विचारलेला प्रश्न दोन्ही भाषांना लागू होतो. x² − 5x + 6 = 0 या समीकरणाची मुळे 2 आणि 3 अशी काढून झाली होती. तो म्हणाला, "बाई, यात वर्गमूळ कुठे काढले? मग यांना मुळे का म्हणायचे?" त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. त्याला मी 'तसे नाव आहे' असे सांगितले आणि ते सांगताना मला वाईट वाटले. उत्तर मला पुढे बऱ्याच दिवसांनी वाचनात मिळाले.

आर्यभटांनी वर्गाची व्याख्या करताना आकृती आणि संख्या दोन्ही एकत्र सांगितल्या आहेत. चारही बाजू समान असलेला चौकोन, त्याचे क्षेत्रफळ आणि दोन सारख्या संख्यांचा गुणाकार, या सर्वांना त्यांनी वर्ग म्हटले. म्हणजे वर्ग ही जमिनीवर पसरलेली आकृती आहे, आणि ज्या बाजूपासून ती उभी राहिली ती बाजू तिचे मूळ. झाड दिसते, मूळ खोदून काढावे लागते. क्षेत्रफळ दिलेले असते, बाजू शोधावी लागते. अरबीतही तीच उपमा आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी समीकरणे सोडवण्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात आज आपण ज्याला x म्हणतो त्याला त्यांनी मूळ या अर्थाचाच शब्द वापरला. त्यांचे प्रसिद्ध उदाहरण असे आहे: एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून एकोणचाळीस होतात. म्हणजे x² + 10x = 39. मूळ तीन घेतले तर वर्ग नऊ, दहा मुळे तीस, एकूण एकोणचाळीस. वर्ग अज्ञात आहे, त्याचे मूळ अज्ञात आहे, आणि आपण शोधतो ते मूळ. समीकरणाचे मूळ म्हणजे त्या समीकरणात लपलेल्या वर्गाचे वर्गमूळच होय. पुढे लॅटिनमध्ये रॅडिक्स आणि इंग्रजीत रूट असे ते उतरले, आणि मग ज्या समीकरणात वर्ग नाही, घन आहे किंवा नुसताच x आहे, त्याच्याही उत्तराला मूळ म्हणण्याची चाल पडली. वर्गमूळाचे √ हे चिन्ह १५२५ मध्ये ख्रिस्तोफ रुडोल्फ यांच्या पुस्तकात प्रथम छापले गेले. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच रॅडिक्सपासून इंग्रजीत मुळ्याला रॅडिश हे नाव मिळाले, आणि मराठीत मूळ आणि मुळा यांचे नाते तर उघडच आहे. बाजारात मुळ्याची जुडी पाहिली की दोन्ही भाषांनी एकच गोष्ट पाहून एकच नाव दिले याचा मला दर वेळी आनंद होतो.

तो मुलगा तोपर्यंत शाळेतून गेला होता. आता दहावीला हे प्रकरण मी अल्-ख्वारिझ्मींच्या उदाहरणापासूनच सुरू करते. फळ्यावर समीकरण न लिहिता आधी वाक्य लिहिते, आणि मुलांना मूळ सापडेपर्यंत x लिहीत नाही.

टेबल या शब्दाविषयी थोडेच सांगायचे आहे. मराठी माध्यमातून सेमीत नुकत्याच आलेल्या एका मुलीला चौरसाची बाजू आणि परिमिती असे दोन रकाने असलेले टेबल पूर्ण करायचे होते. काही चौकटी भरलेल्या, काही रिकाम्या. तिने रिकाम्या चौकटी तशाच ठेवल्या आणि खाली चाराचा पाढा चाळीसपर्यंत लिहिला. बाजू पाच असताना परिमिती वीस, हे तिच्या पाढ्यात होते, फक्त चौकटीत नव्हते. चौरसाची परिमिती बाजूच्या चौपट असते हे तिने ओळखले होते, म्हणजे त्या प्रश्नातली सर्वांत अवघड गोष्ट तिला आलेली होती. इंग्रजीत टेबल म्हणजे फळी, फळीवर मांडलेले, डोळ्यांनी पाहायचे. पाढा हा म्हणायचा असतो, तो कानात राहतो. मराठीत सारणी आणि पाढा हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे असणे किती उपयोगाचे होते हे मला त्या पानावरून कळले. आता मी सेमीच्या वर्गातही म्हणायच्या टेबलाला पाढाच म्हणते, आणि त्याला कोणाची हरकत आलेली नाही.

पाढ्याच्या बाबतीत मराठीत वाहतूक उलट दिशेनेही झालेली आहे. तक्रारींचा पाढा वाचला जातो, पुन्हा आपले पाढे पंचावन्न होतात, माणूस हातचा राखून बोलतो. हे शब्द गणिताच्या तासातून घरात गेले आणि तिथेच रमले. मुले ते घरी ऐकतात, पण हातचा राखणे आणि बेरजेतला हातचा यांची सांगड स्वतःहून घालत नाहीत. ती घालून दिली की हातचा विसरणारी मुले काही दिवस तरी तो विसरत नाहीत.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत होते. औट म्हणजे साडेतीन. औट एके साडेतीन, औट दुणे सात, असे ते म्हणत, आणि आठवड्याच्या बाजारात साडेतीन रुपये भावाच्या कोणत्याही वस्तूचा हिशेब कागदाविना करत. तो पाढा शाळेतून गेला, पण औट हा शब्द 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात राहिला, आणि तो वापरणाऱ्या बहुतेकांना तिथे संख्या आहे याची कल्पना नसते. गेल्या आठवड्यात वर्गात तो वाक्प्रचार निघाला, तेव्हा मी फळ्यावर एवढेच लिहिले, की औट म्हणजे साडेतीन आणि एक घटका म्हणजे २४ मिनिटे. अवयवांच्या जोड्या लिहिणारी ती मुलगी, जी आता सातवीत आहे, तिने वहीत चोवीस त्रिक बहात्तर लिहिले, त्याखाली चोवीसचे निम्मे बारा लिहिले, दोन्ही मिळवले आणि हात वर केला. "बाई, चौऱ्याऐंशी मिनिटे. म्हणजे आपले दोन तास आणि वर चार मिनिटे." आमच्या शाळेत एक तास चाळीस मिनिटांचा असतो.